लाल गोळीतलं फोलेट कुठे अडतं?

सातारा-सांगलीकडच्या उपकेंद्रात गरोदरपणाची नोंद झाली की पहिल्या तिमाहीत फॉलिक ॲसिडची गोळी मिळते आणि चौथ्या महिन्यापासून लाल गोळी सुरू होते. या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. लोहाने रक्त वाढतं हे आपल्याला माहीत असतं. फॉलिक ॲसिड नेमकं काय करतं आणि कधीकधी वाटेत कुठे अडकतं, ते एकेका पायरीने पाहू.

फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. मेथी, पालक, हरभरा, चवळी यांत ते असतं आणि गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच कारखान्यात तयार केलेलं रूप. शरीरात गेल्यावर त्याचं काम एकच : कार्बनचा एक अणू उचलायचा आणि हवा तिथे नेऊन द्यायचा. हा कार्बन मुख्यतः सेरीन नावाच्या अमिनो आम्लाकडून मिळतो. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक. हायड्रोजनचे तीन अणू जोडलेल्या अशा कार्बनला मिथिल गट म्हणतात.

कार्बन घेतलेल्या फोलेटपुढे दोन महत्त्वाच्या वाटा असतात. पहिली वाट डीएनएकडे जाते. पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. त्यासाठी थायमिन हा घटक लागतो (हे थायमिन वेगळं, ब-१ जीवनसत्त्व वेगळं). युरासिल या घटकाला एक मिथिल गट जोडला की थायमिन तयार होतं आणि तो गट फोलेट पुरवतं.

हा पुरवठा तुटला तर थायमिनच्या जागी युरासिल बसू लागतं. पेशी ते काढून टाकते, पुन्हा तेच बसतं, आणि डीएनए जागोजागी तुटतो. सर्वांत आधी फटका बसतो तो अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या रक्त तयार करणाऱ्या भागाला, कारण तिथे पेशी सतत दुभंगत असतात. पेशी आकाराने वाढतात पण वेळेवर दुभंगत नाहीत. रक्तात मोठ्या आकाराच्या लाल पेशी दिसतात, त्याही कमी संख्येने. मुंबईतल्या गिरणी कामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी होणारा असाच रक्तक्षय ल्युसी विल्स या डॉक्टरांनी अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

दुसरी वाट मिथिओनीनकडे जाते. रक्तातल्या होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला मिथिल गट दिला की त्याचं मिथिओनीन होतं. मिथिओनीनपासून शरीर ‘सॅम’ नावाचं संयुग तयार करतं. मज्जातंतूंवरचं आवरण नीट राखण्यासाठी आणि कोणतं जनुक चालू, कोणतं बंद हे ठरवण्यासाठी लागणारे मिथिल गट सॅमकडूनच मिळतात.

या दुसऱ्या वाटेवर दोन अटी आहेत. फोलेटवरच्या कार्बनचं एकदा पूर्ण मिथिल झालं की ते मागे फिरू शकत नाही. मिथिल उतरवायची जागाही एकच, ती म्हणजे होमोसिस्टीन, आणि तिथे बी-१२ हजर नसेल तर ते उतरतच नाही.

आपल्याकडे ऊस हंगामात कारखान्याची गव्हाण बंद पडली की काय होतं ते आठवा. भरलेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर लागते आणि फडात एकही रिकामी ट्रॉली मिळत नाही. बी-१२ कमी असताना फोलेटचं तसंच होतं. सगळं फोलेट मिथिल घेऊन अडकून बसतं आणि थायमिन बनवायला मोकळं फोलेट उरत नाही. भरीस भर म्हणजे सॅम कमी झालं की शरीर आणखी फोलेट मिथिलच्या रूपात ढकलतं, आणि कोंडी वाढते.

म्हणूनच अशा वेळी रक्तातल्या फोलेटची तपासणी फसवी ठरते. अडकलेलं फोलेटही मोजलं जात असल्याने आकडा चांगला, कधी चढाच येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३मध्ये सुरू केला. त्यात सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांचं बी-१२ कमी निघालं. फोलेटची कमतरता मात्र जवळपास कुणातच नव्हती. ज्या आयांचं फोलेट चढं आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. हा दिसून आलेला संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. तरीही बी-१२कडे न पाहता नुसतं फॉलिक ॲसिड वाढवत नेणं मला योग्य वाटत नाही.

बी-१२ भाजी, भाकरी, डाळीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. माळकरी घरात मांसाहार नाही, आणि दारात म्हैस असली तरी दूध डेअरीला जातं. घरातल्या सुनेच्या वाट्याला चहापुरतंच येतं.

आता एक नमुना घेऊ. समजा, खटावकडची पाच महिन्यांची गरोदर स्त्री आहे, हिमोग्लोबिन ९.२. लाल पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ८८. नेहमीच्या ८० ते १०० या मर्यादेत. ‘पेशी मोठ्या नाहीत, म्हणजे फक्त लोह कमी’ असं इथे सहज म्हटलं जातं. पण लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधोमध येते. अशा वेळी अहवालातली आरडीडब्ल्यू ही ओळ पाहावी. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते ती सांगते. ती १९ असेल, म्हणजे नेहमीच्या साडेचौदाच्या बरीच वर, तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावं. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसल्या तर संशय बी-१२ किंवा फोलेटवर जातो.

गरोदरपणात बी-१२चा आकडा तसाही थोडा उतरतो, म्हणून काठावरचा आकडा आला तर डॉक्टर होमोसिस्टीन तपासायला सांगू शकतात. तिथे एक चूक नेहमी होते. नमुना तालुक्याहून पुण्याला जाणार असेल आणि नळी तशीच ठेवली, तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि आकडा खोटाच वाढतो. नळी बर्फावर ठेवून साधारण तासाभरात पेशी वेगळ्या केल्या पाहिजेत. प्रयोगशाळेत हे आधीच विचारून घ्यावं.

या स्त्रीला नुसतं फॉलिक ॲसिड जास्त दिलं तर काय होईल? गोळीतून आलेलं फोलेट मोकळं असतं. अडकण्याआधी ते थोडं थायमिन बनवून देतं आणि हिमोग्लोबिन सुधारूही शकतं. मिथिओनीनची वाट मात्र बंदच राहते. रक्त सुधारलेलं दिसतं, आणि तळपायाला मुंग्या येणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, अंधारात तोल जाणं हे वाढत जातं. मज्जातंतूंची ही हानी लांबली तर पूर्ण भरून येत नाही.

पण म्हणून लाल गोळी बंद करू नका. तिची गरज खरी आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांतच मिटते, बहुतेकदा नोंदणीच्याही आधी, म्हणून मूल हवं असेल तर ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीपासूनच रोज घ्यायला हवं. सोबत, घरात मांस-अंडी नसतील, दूध जेमतेम असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर बी-१२चं काय करायचं हे पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना विचारा.