भिक्खुणीला उपसंपदा कोणी द्यायची?

स्त्रीला धर्माधिकार मिळतो की नाही हे त्या धर्मात स्त्रीची किंमत किती यावरच ठरते, असे आपण धरून चालतो. पण तो अधिकार द्यायचा कोणी, हा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे. इस्लाममध्ये इमामाला दीक्षाविधीच नाही. पुढे उभा राहून नमाज पढवतो तो इमाम. त्यामुळे तिथला वाद पुरुषांच्या पुढे स्त्रीने उभे राहावे की नाही, याचा आहे. कॅथलिकांत अधिकार बिशपच्या हातून येतो. स्त्रियांना धर्मगुरुपद देण्याचा अधिकार चर्चलाच नाही, असे १९९४ साली पोपने जाहीर केले आणि तिथला दरवाजा बंद झाला. बौद्धांत पोप नाही. तिथे अधिकार संघाचा आहे.

धुळ्याची एखादी मुलगी थेरवादी भिक्खुणी व्हायला निघाली असे समजू. विनयाप्रमाणे ती आधी श्रामणेरी होऊन दहा शिले घेईल, मग शिक्षमाणा म्हणून दोन वर्षे सहा नियम पाळील. त्यानंतर तिची उपसंपदा दोनदा व्हायची: प्रथम भिक्खुणी संघापुढे, मग भिक्खू संघापुढे. पुरुषाला एकच संघ पुरतो. आणि श्रीलंकेतला भिक्खुणी संघ तर अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. भिक्खुणीच नाहीत, म्हणून नवी भिक्खुणी होणार नाही, असा हा पेच.

पण परंपरा पुरुषांचीही तुटली होती. तेव्हा सयामहून भिक्खू आणून १७५३ साली श्रीलंकेत उपसंपदा पुन्हा सुरू केली गेली. स्त्रियांसाठी अशी धावपळ कोणी केली नाही. वास्तविक पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुणींनी चीनमध्ये जाऊन तिथल्या स्त्रियांना उपसंपदा दिली होती, आणि पूर्व आशियात ती परंपरा टिकली. तिच्याच आधाराने १९९६ साली सारनाथला, १९९८ साली बोधगयेला उपसंपदा झाल्या. विरोधक म्हणतात, चीनचा विनय वेगळ्या निकायाचा आहे. समर्थक चुल्लवग्गाकडे बोट दाखवतात: भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी, ही बुद्धाची अनुज्ञा तिथे नोंदलेली आहे. ग्रंथ एकच, पण श्रीलंकेत दंबुल्लाच्या भिक्खूंनी वाट मोकळी केली, तर थायलंडच्या संघराजांनी १९२८ सालीच भिक्खूंना मनाई केली होती.

आपल्यापुढे मात्र आणखी एक गोष्ट आहे. स्त्रीला प्रव्रज्या देऊन बुद्धाने तिला मनूने नाकारलेला ज्ञानाचा हक्क दिला, असे बाबासाहेबांनी १९५१ साली लिहिले. १९५६ साली नागपुरात तर त्यांनी स्वतः, भिक्खू नसताना, लाखोंना दीक्षा दिली. आपले मंगल परिणय लावणारा बौद्धाचार्यही गृहस्थच असतो. त्याला ना उपसंपदा लागते, ना दोन संघ. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या एखाद्या विहारात स्त्री बौद्धाचार्य दिसत नसेल, तर त्याचा दोष विनयावर ढकलता येणार नाही. तिथली आडकाठी आपलीच आहे.