‘मी असं म्हणालोच नव्हतो!’ : जोडीदार खरंच विसरलाय की हे गॅसलाइटिंग आहे?

सोमवारी रात्री जेवताना तो म्हणाला, “या दिवाळीत तू चार दिवस माहेरी जाऊन ये, मी इथलं बघतो.” तिने बुधवारी तिकीट काढलं. गुरुवारी भांडण झालं.

“मला न विचारता तिकीट काढलंस?”

“तूच म्हणालास ना, सोमवारी जेवताना?”

“मी असं म्हणालोच नव्हतो. तू मनानेच काहीतरी ठरवतेस. हल्ली तुझ्या काही लक्षातच राहत नाही. परवा गॅस चालू ठेवला होतास. आईसुद्धा तेच म्हणत होती.”

शेवटी तिनेच सॉरी म्हटलं आणि तिकीट रद्द केलं. रात्री तिला वाटायला लागलं, खरंच तो तसं म्हणाला नसेल का?

उदाहरण काल्पनिक आहे, पण असं भांडण तुमच्या ओळखीचं असू शकतं. आता प्रश्न असा की, याला गॅसलाइटिंग म्हणायचं का?

हा शब्द आला कुठून?

पॅट्रिक हॅमिल्टन या ब्रिटिश लेखकाचं ‘गॅस लाइट’ हे नाटक 1938 साली आलं. त्यावर 1944 मध्ये हॉलिवूडचा गाजलेला सिनेमा निघाला. त्यातला नवरा घराच्या माळ्यावर गुपचूप दागिने शोधत असतो. तिथला गॅसचा दिवा त्याने लावला की खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो. ती हे सांगते, तेव्हा तिला भास होत असल्याचं ठरवलं जातं आणि हळूहळू तिचाही त्यावर विश्वास बसू लागतो. समोरच्याला स्वतःच्याच डोळ्यांवर, कानांवर आणि आठवणीवर शंका घ्यायला लावणं याला तिथूनच हे नाव पडलं.

पण माणूस खरंच विसरू शकतो ना?

हो, आणि म्हणूनच हा शब्द जपून वापरायला हवा. आपली आठवण व्हिडिओसारखी साठवलेली नसते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये काही जणांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. नंतर काहींना गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारलं आणि काहींना त्याच प्रश्नात ‘जोरात आदळल्या’ असा शब्द वापरला. आठवड्याने फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का, असं विचारल्यावर दुसऱ्या गटातल्या जास्त जणांनी ‘हो’ म्हटलं. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या.

म्हणजे दोन माणसांना एकच संवाद प्रामाणिकपणे वेगवेगळा आठवू शकतो. याच कारणाने, तेच तेच ठामपणे ऐकवत राहिलं तर तुमची खरी आठवणही डळमळू शकते.

मग फरक कसा ओळखायचा?

भांडणाचा विषय कुठून कुठे गेला, ते बघा. वरचं भांडण तिकिटावरून सुरू झालं आणि तिच्या डोक्यात बिघाड आहे, इथे येऊन संपलं. सोमवारी नेमकं काय बोलणं झालं, हा मुद्दा मध्येच गायब झाला. विसरलेला माणूस साधारणपणे म्हणतो, “मला आठवत नाही, पण म्हणालोही असेन. आता काय करूया?” तो स्वतःच्या आठवणीवरही शंका घेतो.

दुसरी खूण हिशेबाची. गेल्या काही महिन्यांत चुकीचं नेहमी कुणाला आठवलं? आणि त्याच्या विसरण्याचा फायदा दर वेळी कुणाला झाला? दोघंही अधूनमधून चुकत असतील, तर तो साधा वाद. एकाचीच आठवण कायम चुकीची ठरत असेल आणि माफीही तोच मागत असेल, तर सावध व्हा. एका भांडणावरून निष्कर्ष काढू नका. पुन्हा पुन्हा तेच घडतंय का, ते बघा.

काय करता येईल?

महत्त्वाचं बोलणं झालं की त्याच दिवशी तारीख टाकून दोन ओळी लिहून ठेवा. जमेल तसे बोललेलेच शब्द लिहा, तुमचा अर्थ नको. जोडीदार तुमचा फोन तपासत असेल, तर ही नोंद दुसरीकडे ठेवा. ही नोंद तुमच्या स्वतःसाठी आहे. ती पुरावा म्हणून समोर ठेवली, तर “मी मस्करी करत होतो” किंवा “तू माझ्यावर पाळत ठेवतेस” असं उत्तर येऊ शकतं आणि भांडण पुन्हा तुमच्यावरच येईल.

भांडणात एवढंच म्हणा, “मला वेगळं आठवतंय. माझ्या आठवणीवर नको, तिकिटाबद्दल बोलूया.” मग विषय तिकिटावर येतो का, ते बघा.

सिनेमातली बायको सावरते, कारण बाहेरून आलेला एक पोलीस अधिकारी मंद होणारा दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तुमच्याही नोंदी विश्वासातल्या एखाद्या मैत्रिणीला किंवा समुपदेशकाला दाखवा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर (14416) मोफत बोलता येतं. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात गॅसलाइटिंग हा शब्द नाही, पण शाब्दिक आणि भावनिक छळ हा त्यात हिंसाचारच मानला आहे.