बावीस जखमी आणि पंचवीस खाटा: छोट्या हॉस्पिटलचा पहिला अर्धा तास

आपल्या तालुक्याच्या गावांत ट्रस्टची किंवा वस्तीतल्या डॉक्टरांची वीस-पंचवीस खाटांची हॉस्पिटलं आहेत. हायवेवर बस उलटली की सगळ्यात आधी माणसं तिथंच येतात, कारण ते जवळ असतं. अशा हॉस्पिटलचा आराखडा कसा असावा, हे आम्ही एका उदाहरणावरून समजून घेणार आहोत. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत.

समजा, रात्रीचे साडेदहा वाजलेत. ड्युटीवर एक डॉक्टर, तीन सिस्टर, एक वॉर्डबॉय, रिसेप्शनवर एक जण आणि गेटवर वॉचमन, अशी सात माणसं आहेत. कॅज्युअल्टीत दोनच खाटांची सोय आहे. चार किलोमीटरवर बस आणि ट्रकची धडक झाली आहे आणि बावीस जखमी आहेत.

आधी कोण येतं?

आराखड्याचं सगळं गणित या एका प्रश्नावर आहे. आपल्याला वाटतं, सगळ्यात गंभीर माणूस आधी येईल. होतं उलटंच. ज्यांना चालता येतं ते मिळेल त्या रिक्षात, टेम्पोत बसून दहा मिनिटांत पोहोचतात. जे बसमध्ये अडकलेत त्यांना बाहेर काढायला वेळ लागतो, म्हणून ते मागाहून येतात. आपल्या उदाहरणात पहिले बारा जण खरचटलेले, हात मोडलेले, घाबरलेले आहेत. ते सरळ कॅज्युअल्टीत शिरले तर दोन्ही खाटा आणि डॉक्टर त्यांच्यातच गुंततात. मग पंचवीस मिनिटांनी १०८ ची गाडी श्वास अडकलेला माणूस घेऊन येते, तेव्हा त्याला जागाच नसते.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, दाराचं आहे. एकच प्रवेश उघडा ठेवायचा, बाकीची दारं बंद करायची. जखमींची छाननी, म्हणजे ट्रायाज, कॅज्युअल्टीच्या आत नाही तर बाहेर पोर्चमध्ये करायची. जागा उजेडाची आणि छपराची हवी. गाड्या एका बाजूनं आत येतील आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतील, हे वॉचमननं बघायचं.

गेटवर कोण उभं राहणार?

सगळ्यात अनुभवी सिस्टर. अनेकांना हे पटत नाही, त्यांना तिथं डॉक्टर हवा वाटतो. पण डॉक्टर एकच आहे आणि त्याची गरज आत लाल खाटेजवळ आहे. छाननीची ‘स्टार्ट’ नावाची पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात बनली. ती डॉक्टर नसलेल्या मदतनिसांनाही घटनास्थळी वापरता यावी अशीच आहे. एका जखमीला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

सिस्टर मोठ्यानं सांगते, “ज्यांना चालता येतंय त्यांनी ओपीडीच्या हॉलमध्ये जा.” जे गेले त्यांना हिरवी पट्टी. उरलेल्यांचा आधी श्वास बघायचा. श्वास नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळी पट्टी, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. “माझा हात दाबा” म्हटल्यावर दाबता येत नसेल तर लाल. यातलं काहीच नसेल, पण चालता येत नसेल, तर पिवळी. लहान मुलांचा श्वास मुळातच वेगळ्या गतीनं चालतो, म्हणून त्यांच्यासाठी निराळे आकडे आहेत. ते कार्डच्या मागच्या बाजूला छापून ठेवायचे.

या सिस्टरनं उपचार करायचे नाहीत. श्वासमार्ग उघडणं आणि वाहतं रक्त दाबून बांधणं, एवढंच. ती एकाला सलाईन लावायला बसली की मागची रांग थांबते. पट्टी मनगटाला बांधायची, कपड्याला नाही. कपडे आत गेल्यावर कापले जातात. पट्टीवर क्रमांक लिहायचा, नाव नंतर.

बाकीच्यांची कामंही आधीच वाटलेली असतात. डॉक्टर आणि दुसरी सिस्टर लाल विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत. तिसरी सिस्टर वॉर्डात आधीपासून असलेल्या पेशंटजवळ, कारण त्यांनाही सोडून चालत नाही. वॉर्डबॉय स्ट्रेचर हलवतो. घरून जो कर्मचारी आधी पोहोचेल तो पिवळ्या विभागात. दुसरा आला की हिरव्या हॉलमध्ये. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि त्यावर माणसाचं नाव नसतं, काम असतं. कारण त्या रात्री कोण ड्युटीवर असेल हे ठरलेलं नसतं.

फोनची साखळी

बातमी देणाऱ्याला रिसेप्शनवाल्यानं विचारायचं: काय झालं, कुठं, किती जण, अडकलेत का? मग १०८ किंवा पोलिसांच्या ११२ वरून खात्री करायची. डॉक्टरनं ‘आराखडा सुरू’ म्हटलं की रिसेप्शनवाला तिघांनाच फोन करतो: प्रमुख डॉक्टर, सर्जन आणि मेट्रन. ते तिघं पुढं तिघा-तिघांना करतात. कुणी उचलला नाही तर थांबायचं नाही, यादीतल्या पुढच्याला लावायचा. यादी कागदावर भिंतीला चिकटवलेली हवी, मोबाइल बंद पडतो. एक फोन फक्त बाहेरच्या हॉस्पिटलांसाठी राखायचा, तो नातेवाइकांना द्यायचा नाही. प्रमुख डॉक्टर आले की सूत्रं त्यांच्याकडं. त्यांनीही पेशंटला हात लावायचा नाही, सगळीकडं लक्ष ठेवायचं.

मग काय झालं?

दुसऱ्या खेपेत दहा जण आले: चार लाल, पाच पिवळे, एक काळा. कॅज्युअल्टी रिकामी होती, म्हणून दोन लाल लगेच खाटेवर गेले आणि दोन स्ट्रेचरवर ऑक्सिजन लावून शेजारी. पण हिरव्या हॉलमध्ये एक वयस्कर गृहस्थ गप्प बसले होते. चालत आले होते, फक्त पोट दुखतंय म्हणाले. वीस मिनिटांनी फेरतपासणी झाली तेव्हा अंगाला घाम आणि नाडी लागेना. आत रक्तस्राव होत होता. ते लाल झाले. पट्टीचा रंग कायमचा नसतो. हिरव्या हॉलमध्ये ठरावीक वेळानं कुणी फिरलं नाही तर असा माणूस तिथंच बसल्या बसल्या जातो.

आता लाल पाच. या हॉस्पिटलची ताकद दोघांची. म्हणून तिघांना पुढं पाठवायचं, पहिले ते गृहस्थ, कारण त्यांना ऑपरेशनच लागणार. पाठवण्याआधी फोन करून तिथं सर्जन आणि रक्त आहे का ते विचारायचं, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी पाठवायचं नाही. पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलं आहे.

मय्यत आणि घरची माणसं

काळ्या विभागासाठी मागची बंद खोली हवी, ती येण्याजाण्याच्या वाटेवर नको. आपल्याकडं दफन लवकर व्हावं असं प्रत्येक घराला वाटतं. पण अपघाती मृत्यूत पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय आणि ते सांगतील तर पोस्टमॉर्टेम झाल्याशिवाय मय्यत ताब्यात देता येत नाही. हे आधी कुणी सांगितलं नाही तर भांडण कॅज्युअल्टीच्या दारात होतं. म्हणून हे सांगायला एक समजूतदार माणूस आराखड्यातच नेमायचा. जमातीतला कुणी जबाबदार माणूस यासाठी आधीच ठरवता येतो.

मोहल्ल्यातून मदतीला धावणाऱ्या मुलांनी पोर्चमध्ये गर्दी करायची नाही. त्यांचा खरा उपयोग गेटबाहेर आहे: रस्ता मोकळा ठेवायला, एका घरातला एकच माणूस आत सोडायला, आणि रक्तदात्यांची यादी करायला. रक्त द्यायचं ते मागितल्यावर, ब्लड बँकेत.

आराखडा कागदावरच आहे की खरा आहे, हे ओळखायची सोपी खूण आहे. एखाद्या रात्री दोन वाजता सराव म्हणून साखळी सुरू करा आणि अर्ध्या तासात किती जणांनी फोन उचलला ते मोजा. आपल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या बैठकीत हाच एक आकडा विचारा.