वेटिंग २१ आणि बसचं तिकीट

प्रिय शैला,

तुझ्या तिकिटाचा फोटो पाहिला. पुणे ते नागपूर, स्लीपर, तू आणि सासूबाई. पुढे लिहिलंय GNWL 58/WL 21. प्रवासाला पाच दिवस उरलेत आणि तू विचारतेस, ट्रॅव्हल्सचं तिकीट आत्ताच काढून ठेवू का? उत्तर त्या आकड्यांतच आहे, पण ते नीट वाचायला हवेत.

पहिला आकडा सोडून दे. ५८ हा तू तिकीट काढलंस त्या दिवशीचा नंबर. तो शेवटपर्यंत तसाच छापलेला राहतो. महत्त्वाचा दुसरा. आज तुझ्यापुढे वीस जण आहेत, तुझा नंबर २१ आणि सासूबाईंचा २२. पुढची तिकिटं रद्द होतात तसा हा आकडा खाली येतो. मात्र वेटिंग संपलं की थेट बर्थ मिळतो, असं नाही. वेटिंगनंतर आधी RAC लागतं आणि RAC मधून पुढे सरकलं की CNF, म्हणजे पक्का बर्थ. RAC म्हणजे डब्यात शिरायचा हक्क, पण साइड लोअरच्या एकाच बर्थवर दोघांनी बसून रात्र काढायची. तुझ्या बाबतीत खरा प्रश्न इथेच आहे, त्याकडे नंतर येते.

आता ती आधीची अक्षरं. GNWL म्हणजे सर्वसाधारण वेटिंग. तुझी गाडी पुण्यातच सुटते आणि नागपूरलाच संपते, म्हणून तुला हे मिळालं आणि बर्थ मिळायची शक्यता याच यादीत सगळ्यात जास्त असते. तू दुसऱ्या गाडीचंही विचारलंस, जी पुण्याच्या अलीकडून येते आणि नागपूरच्या पुढे जाते. तिथे PQWL 9 दिसतंय आणि ९ हा आकडा २१ पेक्षा बरा वाटतो. त्यावर जाऊ नकोस. PQWL मध्ये वाटेतल्या बऱ्याच लहान-मोठ्या स्थानकांच्या प्रवाशांना मिळून थोडेसे बर्थ राखलेले असतात आणि तुझा नंबर सरकायला त्याच थोडक्या बर्थांपैकी कुणीतरी तिकीट रद्द करावं लागतं. सबंध गाडीत कितीही तिकिटं रद्द झाली, तरी त्यातलं तुझ्या वाट्याला फारसं येत नाही. RLWL ची गतही बरीचशी तशीच. ती मधल्या एखाद्या मोठ्या स्थानकाची स्वतंत्र यादी असते. आणि शेवटच्या दिवशी तत्काळमध्ये TQWL मिळालं, तर त्यावर विसंबूच नकोस. त्याला मधला RAC चा टप्पा नाही आणि चार्ट लावताना GNWL वाल्यांचा नंबर त्याच्या आधी लागतो.

यादी कळली की डबे मोजायचे. स्लीपरच्या एका जुन्या धाटणीच्या डब्यात ७२ बर्थ असतात, नव्या एलएचबी डब्यात ८०. गाडीला असे आठ डबे असले, तर सहाशेच्या आसपास प्रवासी झाले आणि त्यांतल्या वीस-पंचवीस जणांनी बेत बदलणं अगदी शक्य आहे. टू एसीचा मात्र एखाद-दुसराच डबा असतो. तिथे वेटिंग १० सुद्धा जड जातं.

मग वेग बघायचा. तू सांगितलंस की आठवड्यापूर्वी ३४ होतं. म्हणजे सात दिवसांत तेरा, रोज जेमतेम दोन. याच चालीने पाच दिवसांत आणखी दहा कमी होतील आणि चार्टच्या वेळी तू अकराच्या आसपास असशील. पण शेवटच्या दोन दिवसांत चाल वाढते, कारण दोन-दोन गाड्यांची तिकिटं धरून बसलेले लोक तेव्हा एक सोडतात. शिवाय व्हीआयपी वगैरे कोट्यांतले न वापरलेले बर्थ चार्ट लावताना यादीतल्यांना वाटले जातात आणि दहा-बारा नंबर एकदम सरकलेले दिसतात. याची हमी मात्र नाही. दिवाळीच्या तोंडावर असे बर्थ फारसे उरत नाहीत. ॲपवर जी टक्केवारी दिसते, तीही मागच्या प्रवासांवरून बांधलेला अंदाजच असतो. माझ्या मते तू RAC पर्यंत पोचशील. दोघींना पक्के बर्थ मिळतील, असं मी धरणार नाही.

म्हणून आधी हे ठरव, की RAC मिळालं तर तू जाणार का? तू एकटी असतीस तर मी म्हटलं असतं, जा. रात्रीत कधी ना कधी बर्थ रिकामा होतो. पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना रात्रभर अर्ध्या बर्थवर बसवणं मला पटत नाही. तेव्हा तुझ्या हिशेबात RAC म्हणजे 'नाही' असं धर. आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेव. ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं, तर चार्टनंतर ते आपोआप रद्द होतं आणि थोडं शुल्क कापून पैसे परत येतात. अशा तिकिटावर गाडीत चढलीस, तर विनातिकीट ठरशील. पण RAC आपोआप रद्द होत नाही. एकीला RAC किंवा बर्थ आणि दुसरीला वेटिंग असं झालं, तरीही तिकीट आपोआप रद्द होत नाही. ते गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत तुलाच रद्द करावं लागतं. विसरलीस तर पैसे गेले.

आता बस. तुझी गाडी रात्री दहाची, बस आठची. चार्ट पूर्वी गाडीच्या चार तास आधी लागायचा, म्हणजे संध्याकाळी सहाला. तेव्हा धावतपळत बस गाठण्यापलीकडे काही उरायचं नाही. २०२५ पासून पहिला चार्ट आठ-दहा तास आधी लागतो. म्हणजे तुला दुपारी दोनपर्यंत निकाल कळेल आणि बसला सहा तास उरतील. (सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या संध्याकाळी-रात्रीच लागतो, हे परतीच्या वेळी ध्यानात ठेव.)

त्यामुळे बसचं तिकीट काढताना दर बघण्याआधी रद्द करण्याच्या अटी उघड. दर कंपनीगणिक त्या वेगळ्या असतात. तुला एवढंच बघायचंय, की बस सुटायच्या सहा तास आधी रद्द केलं तर किती कापतात. समज, एका कंपनीचं तिकीट १,५०० रुपयांचं आहे आणि त्या वेळी ती २५ टक्के कापते. दोघींचे ३,००० झाले. गाडीचे बर्थ पक्के झाले तर जातील ७५०. दुसरी कंपनी १,३०० ला देते, पण शेवटच्या बारा तासांत काहीच परत करत नाही. तिथे जातील २,६००. स्वस्त दिसणारं तिकीट तुझ्यासाठी महाग आहे.

मी तुझ्या जागी असते तर पहिल्या कंपनीच्या दोन खालच्या सीट आजच धरल्या असत्या. दिवाळीत त्या आधी जातात आणि सासूबाईंना वर चढता येणार नाही. चार्ट थांबून बघायची चैन तू एकटी असताना परवडेल, या खेपेला नाही.

प्रवासाच्या दिवशी दुपारी दोनला पीएनआर तपास. दोन्ही नावांपुढे CNF आणि बर्थ नंबर दिसला, तर बस लगेच रद्द कर, पाच मिनिटंही थांबू नकोस. कारण कंपनीची मुदत घड्याळावर चालते. एकीपुढेही RAC किंवा WL असेल, तर बसनेच निघा आणि रेल्वेचं तिकीट घरातून निघण्याआधी रद्द कर. सासूबाईंच्या औषधांची पिशवी हातातच ठेव, डिकीत टाकू नकोस.

तुझी,
मंगल