टाकीखालचे पाय आणि सळयांची फुली

छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्या उंच गच्चीवरून पाहिले, तर चहूकडे पाण्याच्या टाक्या दिसतात. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून येते. पण नळाला रोज पाणी नसण्याची कित्येक वर्षांची सवय. म्हणून टाकी मोठी घ्यायची आणि तिला उंची मिळावी यासाठी खाली लोखंडी चौकट उभी करायची. काही चौकटींच्या बाजूंवर सळयांची फुली असते, काहींवर नसते. फुली नसली तर काय बिघडते? एका चौकटीचे गणित करून पाहू.

आपली चौकट ३ मीटर उंच आहे. सुमारे ४८ मिलिमीटर व्यासाचे, ३ मिलिमीटर जाडीचे चार पाइप हे तिचे पाय. वरची टोके भक्कम चौकोनाला जोडलेली, खालची नुसती पट्टीवर टेकलेली. वर २००० लिटरची भरलेली टाकी, म्हणजे सुमारे २०,००० न्यूटन वजन. पाय सरळ उभे असताना हे वजन पोलादाच्या ताकदीच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याइतकाच ताण निर्माण करते. एवढे पाहून कोणीही म्हणेल, की चौकट भक्कम आहे.

आता वारा येऊ द्या. टाकीवर त्याचा ५०० न्यूटन जोर पडला, म्हणजे साधारण ५० किलो वजनाइतका. या चौकटीचा माथा १ मिलिमीटर बाजूला सरकवायला सुमारे १० न्यूटन पुरतात. तेव्हा माथा ५० मिलिमीटर सरकेल.

पण गोष्ट इथे संपत नाही. माथा सरकला की टाकीचे वजनही पायांच्या बुंध्यावरून ५० मिलिमीटर बाजूला गेले. ३००० मिलिमीटर उंचीत ५० मिलिमीटर, म्हणजे साठास एक इतका कल. कललेल्या पायांवर वजन खालीच दाबते, पण त्याचा परिणाम मात्र २०,००० भागिले ६०, म्हणजे ३३३ न्यूटन आडव्या जोरासारखा होतो. त्याने माथा आणखी ३३ मिलिमीटर सरकतो. या ३३ मुळे पुन्हा २२, त्यामुळे आणखी १५... ही भूमितीय श्रेढीच आहे. दर वेळी आधीच्या दोन तृतीयांश. सगळ्यांची बेरीज १५० मिलिमीटर!

वाऱ्याने ५० सरकवले, उरलेले १०० टाकीच्याच वजनाने. वजनाला पी आणि सरकण्याला डेल्टा म्हणतात, म्हणून याचे नाव पी-डेल्टा परिणाम. पायांतला वाकण्याचा ताणही तिप्पट होतो आणि पोलाद कायमचे वाकू लागण्याच्या मर्यादेला टेकतो. पाय स्वतः धनुष्यासारखे वाकतात, तो हिशेब आपण सोडला आहे. तो धरला तर स्थिती याहून वाईट निघते.

आता त्याच चौकटीवर ३००० लिटरची टाकी ठेवू. दर मिलिमीटर सरकण्यामागे वजनाचा आडवा जोर १० न्यूटन, आणि चौकटीचा विरोधही १० न्यूटनच. श्रेढीची पदे लहान होतच नाहीत, बेरीज अमर्याद होते. अशी चौकट पडायला वाऱ्याची गरज नाही. पाय जरासे ओळंब्याबाहेर असले तरी पुरे. कोणतीही चौकट अगदी ओळंब्यात नसते, हे गृहीत धरूनच भारतीय मानक ८०० (२००७) उभ्या भाराच्या अर्धा टक्का इतका काल्पनिक आडवा जोर हिशेबात घ्यायला सांगते.

उपाय काय? पाइप जाड करता येतील, पण स्वस्त उपाय वेगळा आहे. पायांमधले अंतर १.२ मीटर आहे असे समजा. समोरासमोरच्या दोन बाजूंवर १२ मिलिमीटरची एकेक तिरपी सळई बसवली, तर माथा १ मिलिमीटर सरकवायला १० ऐवजी सुमारे १९०० न्यूटन लागतात. कारण आता पाय वाकवणे पुरत नाही, सळई लांबीत ताणावी लागते. आणि पोलाद वाकवणे सोपे, ताणणे फार कठीण. त्याच वाऱ्यात माथा पाव मिलिमीटरभर सरकतो आणि वजनाला हात मारायला जागाच उरत नाही.

मग फुली कशासाठी? बारीक सळई ओढ सोसते, दाब आला की वाकते. वारा उजवीकडून आला तर एक सळई कामाला येते, डावीकडून आला तर दुसरी. वारा चारही दिशांनी येतो, म्हणून फुली चारही बाजूंवर हवी. सळई सैल असेल तर ती ताठ होईपर्यंत माथा सरकतच राहतो. आणि रिकामी टाकी हलकी असते. वाऱ्याने मागचे पाय उचलले जाऊ नयेत म्हणून ते बोल्टने गच्चीला जखडावे लागतात.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून जाताना पोलादी शेडच्या लांब बाजूंकडे पाहा. प्रत्येक गाळ्यात नसली, तरी ठरावीक गाळ्यांत हीच फुली दिसेल. ये-जा करताना आड येते म्हणून ती कापली, तर शेड त्या दिवशी पडणार नाही. म्हणूनच कापणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटत नाही.