कोणतं ‘तेरे बिना’?

मावशीच्या पंचाहत्तरीला जेवणं उरकल्यावर फर्माइशी सुरू झाल्या. मावशी म्हणाली, “ते ‘तेरे बिना’ लावा रे.” नातवाने मोबाइलवर दोन शब्द टाकले आणि स्पीकरवर ए. आर. रहमान सुरू झाला. मावशीचा चेहरा कोराच. काका म्हणाले, “अरे, तिला ‘आँधी’तलं हवंय.” ते लावलं. मावशी अर्धं कडवं ऐकून म्हणाली, “छान आहे, पण हे नाही.” मग भाच्यांनी मोबाइलची यादी खाली सरकवत नेली आणि तिथे ‘तेरे बिना’ नावाची इतकी गाणी निघाली की पोरं वैतागून आइस्क्रीमकडे वळली.

चूक मावशीची नव्हती, मोबाइलचीही नव्हती. आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव द्यायची पद्धतच नाही. कवितेला शीर्षक असतं, चित्रपटगीताला मुखडा असतो आणि मुखड्याचे पहिले काही शब्द हेच त्याचं नाव होऊन बसतं. प्रेमगीताची सुरुवात करायला कवीकडे शब्द तरी किती? तेरे बिना, आजा रे, ओ सजना, मराठीत जिवलगा, साजणा. जुन्या तबकडीवर मुखड्याची बरीचशी ओळ छापलेली असायची, म्हणून गोंधळ कमी व्हायचा. पुढे सीडीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर ही नावं आटत गेली. पूर्वी ‘तेरे बिना जिंदगी से’ आणि ‘तेरे बिना जिया जाए ना’ ही दोन गाणी चार-पाच शब्दांमुळे वेगळी राहत. २००७ च्या ‘गुरु’मधल्या गाण्याचं नाव दोनच शब्दांत संपलं. त्यानंतर ‘तेज’ (२०१२), ‘हीरोपंती’ (२०१४) आणि ‘हसीना पारकर’ (२०१७) या चित्रपटांतही ‘तेरे बिना’ आलंच.

रेडिओवर हा घोळ होत नसे. ‘आपली आवड’मध्ये निवेदक गाण्याआधी चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार सांगून मोकळा व्हायचा. आपण ते कंटाळून ऐकायचो, पण ती गाण्याची पूर्ण ओळख असे. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा जो अवाढव्य कोश सिद्ध केला, त्याची मांडणीही आधी साल, मग चित्रपट, मग गाणी अशीच आहे. मुखड्याच्या भरवशावर राहिलं की फसगत होते, हे या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

पण म्हणून सगळी माहिती एकदम टाकूनही भागत नाही. कोणती खूण कामाची, हे गाण्यागणिक बदलतं. ‘तेरे बिना’चंच घ्या. ‘आँधी’तलं (१९७५), ‘घर’मधलं (१९७८) आणि ‘गुरु’मधलं अशी तिन्ही गाणी गुलजारांची. म्हणजे “ते गुलजारचं” असं कितीही ठासून सांगितलं, तरी या तिघांत काहीच वेगळं होत नाही. पहिल्या दोन्हींचा संगीतकार राहुलदेव बर्मन, दोन्हींत लताबाईंचा आवाज, भाषा तिन्हींची हिंदी. चौकशीत बहुतेक जण नेमकं हेच सांगतात, कारण अभिमानाने लक्षात राहिलेलं तेच असतं. जे सगळ्यांत सारखं आहे त्याने निवड होत नाही. फरक आहे तो सालात आणि गाणाऱ्यांच्या संख्येत. ‘आँधी’तलं युगुलगीत आहे, लता आणि किशोरकुमार, शिवाय मध्ये संजीवकुमार आणि सुचित्रा सेन यांचं बोलणं येतं. ‘घर’मधलं लताबाई एकट्या गातात.

मावशीकडे हे कसं काढून घ्यायचं? “कोणत्या साली आलं?” असं विचारून उपयोग नाही. साल कुणाला आठवत नाही, घर आठवतं. मी विचारलं, “तू हे ऐकलंस तेव्हा राहायला कुठे होतीस?” ती म्हणाली, “चाळीत. धाकटा पोटात होता. शेजारच्यांचा रेडिओ, आणि मी जिन्यावर उभी.” धाकट्याचा जन्म १९७९ चा. या एका वाक्याने ‘गुरु’, ‘तेज’, ‘हीरोपंती’, ‘हसीना पारकर’ हे सगळे एका झटक्यात बाद झाले. पण बघा, ‘आँधी’ बाद झाला नाही. आठवणीतलं साल ही वरची मर्यादा असते. १९७९ साली ऐकलेलं गाणं १९७९ नंतरचं असू शकत नाही, आधीचं मात्र कितीही असू शकतं. रेडिओवर तर चार-चार वर्षं जुनी गाणी रोज वाजत. इथे पुष्कळ जण चुकतात. आठवणीतलं साल हेच गाण्याचं साल धरतात आणि सापडत नाही म्हणून हात टेकतात.

म्हणून पुढचा प्रश्न गाणाऱ्यांचा. पण “कोण गातंय?” यापेक्षा “किती जण गातात? पुरुषाचा आवाज आहे का?” हा प्रश्न बरा. गायकाचं नाव लोक खुशाल चुकीचं सांगतात. आशाताईंचं गाणं लताबाईंच्या नावावर आणि मुकेशचं रफींच्या नावावर रोज टाकलं जातं. बाईचा आवाज की बुवाचा, एकटा की जोडीने, हे मात्र सहसा चुकत नाही. मावशी म्हणाली, “पुरुष कुठला? एकटी लताच.” मग मोबाइलवर टाकलं `Tere Bina Ghar 1978 Lata`. पहिल्याच ठिकाणी सापडलं.

रोमन अक्षरांत लिहायचं म्हटलं की आणखी एक फाटा फुटतो. `Bina` कुणी `Binaa` लिहितं, कुणी `Bin` वर थांबतं, आणि ‘तेरे बिन’ म्हटलं की गाण्यांचं दुसरंच शेत लागतं. आतिफ अस्लमचं ‘बस एक पल’मधलं तिथलंच. चित्रपटाचं नाव आठवत असेल तर आधी तेच टाकावं.

गायकाच्या नावावाचून गाडी पुढे सरकतच नाही, अशीही प्रकरणं आहेत. ‘कुदरत’ (१९८१) मधलं ‘हमें तुमसे प्यार कितना’ घ्या. मुखडा तोच, साल तेच, चित्रपट तोच, गीतकार मजरूह, संगीतकार पंचमदा. एक गाणं किशोरकुमारचं, दुसरं परवीन सुलताना यांचं. उत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर परवीनबाईंना याच गाण्यासाठी मिळाला आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मात्र आजही किशोरचंच वाजतं. इथे साल आणि चित्रपट सांगणं म्हणजे घराचा पत्ता देऊन मजला न सांगण्यासारखं आहे.

गायकाच्या खुणेतही खड्डे आहेत. मोबाइलवर गायकाच्या जागी पुष्कळदा संगीतकाराचं नाव असतं, म्हणून `Lata` टाकूनही गाणं हुलकावणी देतं. अगदी जुन्या तबकड्यांवर तर गायकाचं नाव नसायचंच. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापलं होतं. ते मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. गाणाऱ्या लताबाई त्या कागदावर कुठेच नव्हत्या.

आता भाषा. ही खूण क्वचित लागते, पण लागते तेव्हा दुसरं काही चालत नाही. ‘झिंगाट’ आपलं, नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’मधलं, २०१६ चं. दोन वर्षांनी ‘धडक’ आला आणि त्यात हिंदी ‘झिंगाट’. चाल तीच, संगीतकार अजय-अतुल, गाणारेही अजय-अतुलच. म्हणजे गायकाचं नाव टाकून काडीचाही फरक पडत नाही. मराठी की हिंदी, एवढंच सांगायचं. किंवा २०१६ की २०१८. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, त्यामुळे गुलजारांच्या बाबतीत निकामी ठरलेली गीतकाराची खूण इथे उपयोगी पडते. पुण्यातल्या वरातीत डीजेने हिंदी झिंगाट लावलं की नाचणारे क्षणभर थबकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ताल पायाला ओळखीचा असतो, शब्द तोंडात बसत नाहीत.

सालाचा खरा गुंता मराठीत अभंगांपाशी होतो. ‘मोगरा फुलला’ म्हटलं की ज्ञानेश्वर, लताबाई आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल. २०१९ साली याच नावाचा चित्रपट आला आणि त्याचं शीर्षकगीत शंकर महादेवन यांनी गायलं. आता ज्ञानेश्वरांच्या ‘मोगरा फुलला’चं साल काय सांगायचं? तेरावं शतक सांगून गाणं सापडणार नाही. आपण शोधतो ते ध्वनिमुद्रण, रचना नव्हे, म्हणून गायक आणि चाल बांधणारा सांगायचा. चित्रपटगीताच्या बाबतीतही साल एक घर इकडे-तिकडे सरकतं. ‘गुरु’ जानेवारी २००७ मध्ये लागला, पण त्याची गाणी २००६ च्या अखेरीसच बाजारात आली होती. आणि मोबाइलवर ‘आँधी’च्या गाण्यापुढे २००० नंतरचं एखादं साल दिसलं तर दचकू नका, ज्या संग्रहात ते पुन्हा घातलं त्या संग्रहाचं ते साल.

कधीकधी सगळ्या खुणा जुळत येतात तेव्हा चित्रपटगीत की भावगीत, हे विचारावं. आशाताईंची दोन ‘जिवलगा’ आहेत. ‘जिवलगा, कधी रे येशील तू’ हे गदिमा आणि सुधीर फडके यांचं, ‘सुवासिनी’ चित्रपटातलं. ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’ हे शांता शेळके आणि हृदयनाथांचं भावगीत. भाषा एक, गायिका एक, पहिला शब्द एक. “आशाचं जिवलगा लाव” असं सांगणाऱ्याला यातलं कोणतंही मिळू शकतं, आणि दोन्ही इतकी गोड आहेत की तक्रार करायलाही जीव होत नाही.

आमच्या घरी त्या रात्री ‘घर’मधलं गाणं लागलं. मावशी डोळे मिटून बसली. काका पुटपुटले, “पण आँधीतलंच जास्त चांगलं आहे.” मग तेही पुन्हा लावावं लागलं, या वेळी चित्रपटाचं नाव टाकून.