हात कमी, पानं गहाण

मिरज, रविवार

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला पाच-तीन-दोन शिकवायला बसले आणि सगळा घोळ झाला. तू पत्त्यांचा पंखा कॅमेऱ्याकडे तोंड करून धरलास, त्यामुळे तुझा हात मला दिसला, तुझ्या आईलाही दिसला आणि मागून चहा घेऊन येणाऱ्या बाबालासुद्धा. म्हणून आता कागदावर लिहून पाठवते. हे पत्र पत्त्यांच्या डब्यातच ठेव.

आपल्या घरात बदाम सात, झब्बू, मेंढीकोट सगळं खेळून झालंय, पण आइंडहोव्हनला तुम्ही तिघंच. मेंढीकोटाला चार माणसं लागतात, झब्बूला जितकी जास्त तितकी मजा. पाच-तीन-दोन मात्र तिघांचाच खेळ आहे. चौथा आला तर त्याला चहा करायला पाठवायचं.

आधी पानं. तू म्हणालीस की तुझ्या मैत्रिणीच्या घरी क्लाव्हरयास खेळतात आणि त्याचा कॅट तुमच्याकडे आहे. उत्तम. त्यात सत्तीपासून एक्क्यापर्यंत बत्तीस पानं असतात. त्यातली चौकटची आणि किलवरची सत्ती काढून बाजूला ठेव. तीस पानं उरली, प्रत्येकाला दहा. इस्पिकची आणि बदामची सत्ती खेळात राहते. म्हणजे इस्पिक आणि बदाम आठ-आठ पानांचे, चौकट आणि किलवर सात-सात पानांचे. हे विसरू नकोस, पुढे कामाला येणार आहे. तुमच्या पानांवर राजाला एच, राणीला व्ही आणि गुलामाला बी छापलेलं असेल. बी म्हणजे बूर, शेतकरी, असं तुझी आई म्हणाली. आपल्याकडे गुलाम, तुमच्याकडे शेतकरी! आजोबांना हे फार आवडलं. आणि तुमच्या त्या खेळात हुकमाचा गुलाम सगळ्यांत मोठा आणि त्याखालोखाल नव्वी, तसलं काही इथे नाही. इथे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, हुकमातही हाच क्रम.

आता नावातले आकडे. एका डावात दहा हात होतात. वाटणाऱ्याने दोन करायचे, त्याच्या उजवीकडच्याने पाच, उरलेल्याने तीन. पुढच्या डावाला वाटायचं काम उजवीकडे सरकतं, म्हणजे ज्याचे पाच होते त्याच्यावर दोन येतात, तीनवाल्यावर पाच आणि दोनवाल्यावर तीन. तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला दहाच हात येतात, त्यामुळे माझ्यावरच नेहमी पाच येतात अशी तक्रार कुणी करायची नाही. तुझा बाबा लहानपणी करायचा.

पानं आधी पाच-पाच वाटायची आणि थांबायचं. ज्याच्यावर पाच हात आहेत तो ही पाचच पानं बघून हुकूम बोलतो. मग तीन-तीन, मग दोन-दोन. पहिली उतारी हुकूम बोलणाऱ्याची, पुढे जो हात करेल त्याची. बदामाला बदाम, किलवरला किलवर, हातात असेल तर तेच टाकायचं. नसेल तर हुकमाने कापायचं किंवा नको असलेलं पान टाकून द्यायचं. कापलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

इथपर्यंत हा खेळ इतर चार खेळांसारखाच आहे. खरी गंमत डाव संपल्यावर. या खेळात गुण मांडत नाहीत, देणं मांडतात. ज्याचे हात कमी पडले तो देणेकरी आणि ज्याचे जास्त झाले तो घेणेकरी. जितके हात जास्त, तितकी पानं पुढच्या डावात देणेकऱ्याच्या हातातून ओढायची, न बघता. ओढलेलं पान आपल्या हातात घालायचं आणि मग आपल्याला नको असलेलं कुठलंही एक पान त्याला परत द्यायचं. ओढलेलंच परत दिलं तरी चालतं. ओढाओढी हुकूम बोलून, दहाच्या दहा पानं वाटून झाल्यावरच करायची. आधी केली तर ओढलेलं पान बघून हुकूम बोलता येईल आणि मग भांडण.

गेल्या रविवारचा एक डाव सांगते. आत्या आली होती. आजोबांवर पाच होते, त्यांचे झाले तीन. माझ्यावर तीन, झाले चार. आत्यावर दोन, झाले तीन. म्हणजे आजोबा दोनांनी मागे, मी आणि आत्या एकेकाने पुढे. आम्ही दोघींनी त्यांच्याकडून एकेक पान ओढायचं. अशा वेळी ज्याच्यावर पाच असतात तो आधी ओढतो आणि आता पाच माझ्यावर आले होते.

आजोबांनी वाटलं. माझ्या पहिल्या पाचांत चौकटचे राजा, राणी, नव्वी, बदामचा एक्का आणि किलवरची अठ्ठी. मी चौकट हुकूम बोलले. चौकट मुळात सात पानांचा, तीन माझ्याकडे, म्हणजे बाहेर फक्त चार. हीच तीन पानं इस्पिकची असती तर बाहेर पाच राहिली असती. पुढच्या पाचांत आणखी चौकटची अठ्ठी, इस्पिकचा एक्का आणि दश्शी, बदामची नव्वी आणि सत्ती आली.

मग ओढायची वेळ. तुझ्या आजोबांची एक खोड आहे. ते पानं लावून धरतात, इस्पिक नेहमी उजव्या टोकाला आणि त्यातलं मोठं पान सगळ्यांत बाहेर. मी ते टोकाचं पान ओढलं, इस्पिकचा राजा! म्हणून तुला सांगते, कुणी ओढायला आलं की पानं आधी पिसून घे आणि मग पुढे धर. पंखा करताना एखादं पान मुद्दाम थोडं वर काढून ठेवायचं आणि समोरच्याला तेच घ्यायला लावायचं, ही युक्ती बाबा करतो. तो असं करायला लागला की दुसरंच ओढ.

आता परत काय द्यायचं? नवशिका हातातलं सगळ्यांत लहान पान देतो, म्हणजे बदामची सत्ती. मी किलवरची अठ्ठी दिली. माझ्याकडे किलवरचं तेवढं एकच पान होतं. ते गेलं की किलवर संपला, आणि संपला की कुणीही किलवर उतरला तरी मला कापता येतं. बदामची सत्ती देऊन काय मिळालं असतं? बदामचा एक्का आणि नव्वी हातात होतीच. लहान पान देण्यापेक्षा एकटं पान देणं शहाणपणाचं. फक्त हातात हुकूम भरपूर हवेत, नाहीतर कापणार कशाने?

नंतर आत्याची पाळी. आता शहाणे झालेल्या आजोबांनी पानं खसाखसा पिसली. आत्याने मधलं पान ओढलं, तर निघाली मी दिलेली तीच किलवरची अठ्ठी. तिने तशीच परत केली. आजोबा म्हणाले, ‘या अठ्ठीला माझ्याशिवाय कुणी नाही.’

पहिली उतारी माझी, इस्पिकचा एक्का. हात झाला. मग बदामचा एक्का, दुसरा हात. मग मुद्दाम हुकमाचा राजा उतरले. एक्का बाहेर होता, तो आत्याने टाकला, आजोबांची दश्शीही पडली. हात गेला, पण बाहेर हुकमाचा फक्त गुलाम उरला. आत्या किलवरचा राजा उतरली. आजोबांनी त्यावर मोठ्या दिमाखात किलवरचा एक्का आपटला आणि हात ओढायला हात पुढे केला. मी चौकटची अठ्ठी अलगद वर ठेवली. अठ्ठी हातात ठेवली असती, तर इथे मला किलवरवर तीच टाकावी लागली असती आणि हात आजोबांचा झाला असता.

पुढचं झटपट सांगते. हुकमाची राणी उतरून मी आत्याचा गुलाम काढला, चौथा हात. मग तो ओढलेला इस्पिकचा राजा, पाचवा. हुकमाची नव्वी आता एकटीच उरली होती, तिचा सहावा. पुढचे तीन हात हरले तरी चालणार होते. एकूण माझे सहा, आत्याचे तीन, आजोबांचा एक. त्यांच्यावर दोन होते, म्हणजे एकाने मागे. पुढच्या डावात त्यांच्याकडून मी परत एक पान ओढलं.

ज्याच्यावर देणं चढलं त्याचं चांगलं पान जातं आणि वाईट येतं, म्हणून पुढच्या डावातही त्याचे हात कमी पडायची भीती असते. देणेकऱ्याने तेव्हा काय करावं? हात जिंकायच्या मागे न लागता आधी आपले ठरलेले हात पुरे करावेत. आणि दोन हातांचा डाव आला की त्याचा फायदा घ्यावा, कारण दोनवर चार करणं हे पाचवर सात करण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. वाटणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

एक चूक लहान मुलं हमखास करतात. हातात बदाम असताना बदाम दिसत नाही, दोन पानांच्या मागे दडलेला असतो, आणि ती कापतात. लगेच कुणाला कळत नाही. तीन हातांनंतर तोच बदाम टाकायला काढला की सगळे ओरडतात. म्हणून कुणी कापलं की, कोणत्या पानावर कापलं ते मनात धरून ठेव. आपल्या घरात याला दंड म्हणजे तो हात परत आणि पुढच्या डावात एक पान जास्तीचं ओढायचं. दुसऱ्या घरांत दुसरे नियम असतील. माझ्या माहेरी ओढलेलं पान परत देता येत नसे, दुसरंच द्यावं लागे. तिथे खेळणं फार अवघड पडायचं.

आणि एक गोष्ट बाबाला वाचून दाखव. मे महिन्यात निघायच्या दिवशी टॅक्सी आली म्हणून तो डाव टाकून उठला. त्याच्यावर तीन होते, झाला होता एक, आणि जास्तीचे दोन्ही हात माझे होते. वहीत लिहून ठेवलंय. दोन पानं येणं आहेत. पुढच्या खेपेला सामान उतरवायच्या आधी मी ती ओढणार आहे.

तुझी,
आजी